तुळशीचं लग्न झालं, लाडू उरले

नाशिकच्या एका घरात तुळशीचे लग्न लागून आठवडा झाला होता. म्हणजे दिवाळीचा फराळ करून तीन आठवडे तर सहज उलटले होते. पुण्याला शिकायला असलेली नात शनिवार-रविवारसाठी घरी आली होती. सकाळी चहाबरोबर तोंडात टाकायला काहीतरी हवे म्हणून तिने फडताळावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, तळाशी वर्तमानपत्राची घडी. त्यात बेसनाचे लाडू होते, करंज्या होत्या, शंकरपाळे होते आणि एका कोपऱ्यात पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा अर्धा पुडा होता. लाडवांवर पांढरे डाग दिसले आणि वादाला तोंड फुटले.

"आजी, हे टाकून दे सगळं. लाडवांना बुरशी आलीय."

"कुठली बुरशी? तूप थिजलंय ते. एवढं साजूक तूप घातलंय, थंडीत थिजणार नाही तर काय?"

"दिवाळी होऊन किती दिवस झाले, मोजलेस का?"

"आमच्याकडे देवदिवाळीपर्यंत पुरायचा फराळ. कुणाला काही बाधलं नाही. आणि नाक कशाला दिलंय देवाने? वास घेऊन बघ की."

या दिवसांत असा संवाद अनेक घरांत होतो आणि बहुतेक वेळा तो अर्धवट राहतो. एक जण लाडू तोंडात टाकून मोकळा होतो, नाहीतर दुसरा गुपचूप डबा रिकामा करतो. इथे मात्र दोघीही हट्टी निघाल्या. त्यांनी डबा टेबलावर उपडा केला आणि एकेका जिनसावर भांडायचे ठरवले. ते बरे झाले, कारण डब्यातला फराळ 'चांगला आहे का' या प्रश्नाला डब्यागणिक एक उत्तर नसते, जिनसागणिक असते.

लाडवांपासून सुरुवात झाली. पांढरा डाग तुपाचा की बुरशीचा, हे ओळखणे अवघड नाही. आजीने लाडू तळहातावर घेतला, डागावर अंगठा ठेवला आणि थोडा वेळ तसाच दाबून धरला. साजूक तूप अंगाच्या उबेने मऊ पडते. डाग तुपाचा असेल तर तो विरतो, बोटाला तुपकट लकाकी येते आणि लाडवाचा खालचा पिवळा रंग दिसू लागतो. बुरशी विरत नाही. ती दाबली की चपटी होते किंवा पुसली जाते. उजेडात तिरके धरून पाहिले तर तिला लव असते आणि जुनी झाली की तिच्यावर हिरवट किंवा काळपट छटा येते. वासही कुबट येतो, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा. या लाडवावरचा डाग अंगठ्याखाली विरला. नोव्हेंबरअखेरच्या नाशिकच्या थंडीत रात्री तूप थिजून वर आले होते, इतकेच.

नातीचे समाधान झाले नाही. आज बुरशी नाही, पण तीन आठवड्यांत ती आली का नाही, हे तिला कळेना. त्याचे कारण आजीच्या कृतीत आहे. चार वाट्या जाडसर बेसन, पावणेदोन वाट्या तूप आणि तीन वाट्या पिठीसाखर, असे तिचे प्रमाण. बेसन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजायचे, खमंग वास सुटून तूप कडेला सुटू लागेपर्यंत. मग ते कोमट होऊ द्यायचे आणि त्यानंतरच साखर मिसळायची, नाहीतर साखर विरघळून लाडू बसतात. या सगळ्यात पाणी कुठेच येत नाही. बेसनात जो थोडा ओलावा असतो तोही भाजताना उडून जातो. राहिलेल्या ओलाव्याला साखर धरून ठेवते.

अन्नशास्त्रात पदार्थ किती ओला आहे यापेक्षा त्यातले किती पाणी जंतूंच्या हाती लागण्याजोगे मोकळे आहे, हे पाहतात. त्याची मोजणी शून्य ते एक अशी करतात. शुद्ध पाणी एकवर असते. बहुतेक जिवाणूंना वाढायला 0.9 च्या वरचा आकडा लागतो. बुरशी बरीच चिवट, ती त्याखालीही तग धरते. पण 0.6 च्या खाली कुठलाच जीवजंतू वाढत नाही. नीट भाजलेल्या, कोरड्या बेसनलाडवाचे मोकळे पाणी साधारणपणे या रेषेच्या खाली असते. म्हणून तो फ्रिजबाहेर टिकतो.

"पण तू दूध शिंपडतेस ना भाजताना? आईने सांगितलंय मला," नातीने मुद्दा काढला.

मुद्दा योग्य होता. बेसन रवाळ व्हावे म्हणून भाजणी होत आली की दोन-तीन चमचे दूध शिंपडायची पद्धत अनेक घरांत आहे. दूध पडताच बेसन फसफसून फुलते. तो फेस म्हणजे दुधातले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. फेस बसेपर्यंत आणि बेसन पुन्हा हलके लागेपर्यंत परतत राहिले तर पाणी उडून जाते आणि लाडवाच्या टिकण्यात फारसा फरक पडत नाही. घाई करून फेस असतानाच कढई उतरवली तर तोच ओलावा लाडवात अडकतो. तीन आठवड्यांनी खरी बुरशी येते ती बहुधा अशा लाडवांवर, किंवा कोमट असतानाच झाकण लावलेल्या डब्यात. गरम लाडवांची वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि वरच्या थरावर पडतात. म्हणूनच अशा डब्यात बुरशी वरून सुरू होते. ती एखाद्या लाडवावर दिसली तर वरचा भाग खरवडून चालत नाही. लाडू भुसभुशीत असतो, बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. तो लाडू आणि त्याला चिकटून असलेले लाडूही काढून टाकावेत.

आजी फेस बसू देणाऱ्यांपैकी होती. लाडवांची बाजी तिने मारली.

तारखेच्या बाबतीतही लाडू आजीच्याच बाजूने होते. 1 ऑक्टोबर 2020 पासून देशातल्या मिठाईच्या दुकानांना सुट्या मिठाईच्या ताटासमोर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणे बंधनकारक झाले. त्यासोबत भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने दुकानदारांसाठी एक मार्गदर्शक यादीही काढली. त्या यादीत कलाकंद केला त्याच दिवशी खावा असे आहे, रसगुल्ल्यासारखी दुधाची मिठाई दोन दिवसांत संपवावी आणि बेसनलाडवाला मात्र तीस दिवसांपर्यंत मुदत आहे. एकाच दुकानातल्या दोन ताटांत तिसेक पटींचा फरक पडतो तो मुख्यतः त्या मोकळ्या पाण्यामुळे.

मग पेढ्यांचा पुडा उघडला. हा भाऊबिजेला आला होता. पेढे दिसायला ठीक होते, जरा कडक झालेले. आजीने एक उचलून हुंगला. "काही वास येत नाहीये. हे खाल्ले तर काय होतंय?"

इथे आजीचे नाक कामाचे नव्हते. पेढा खव्याचा. खव्यात दुधाचे प्रथिन असते, बऱ्यापैकी ओलावा असतो आणि तो वळताना माणसाचा हात लागतो. अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू राहतो. त्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो, पण तो हातातून खव्यात उतरला आणि खवा उबदार जागी राहिला की वाढतो आणि एक विष तयार करतो. या विषाला ना वास, ना वेगळी चव. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठेक तासांच्या आत मळमळ, उलट्या, पोटात कळा असे सुरू होते. शिवाय हे विष उष्णतेला दाद देत नाही. पेढे कढईत परतून घेतले, बर्फीच्या सारणात घातले तर जिवाणू मरतील, विष राहील. लग्नाच्या किंवा प्रसादाच्या खव्याच्या मिठाईतून विषबाधा झाल्याच्या बातम्यांत 'मिठाई चांगली दिसत होती' असे लोक सांगतात ते खोटे नसते.

सगळे पेढे एका मापाने मोजता येत नाहीत, हेही खरे. साताऱ्याचा कंदी पेढा खवा चांगला तपकिरी होईपर्यंत भाजून करतात, त्यामुळे त्यातले पाणी कमी असते आणि पांढऱ्या किंवा केशरी मऊ पेढ्यापेक्षा तो जास्त टिकतो. या पुड्यातले पेढे केशरी आणि मऊ होते. खोलीच्या उबेत असे पेढे चार-पाच दिवसांच्या पुढे ठेवायचेच नसतात. भाऊबिजेपासून आतापर्यंतचा काळ त्याच्या कितीतरी पट होता. पुडा कचऱ्यात गेला. आजी म्हणाली, "वीस रुपयाला एक पेढा असेल हा," आणि गप्प बसली.

शंकरपाळ्यांवर भांडण झाले नाही, कोडे पडले. ते मऊ पडले होते. सकाळी तोंडात टाकला की कुरकुरीत आवाज यायला हवा, तर चामट लागत होते. आजीच्या मते नव्या गॅसच्या शेगडीवर तळण नीट झाले नाही. पण ती आठवडाभर खात होती तेव्हा ते खुसखुशीत होते, हेही तिनेच कबूल केले. मग ते नंतर कशाने सादळले?

उत्तर पेढ्यांच्या पुड्यात होते. बंद डब्यात ओलावा एका जागी राहत नाही. जास्त ओल्या पदार्थातून तो हवेत येतो आणि कोरड्या पदार्थात शिरतो, दोघांचा हिशेब सारखा होईपर्यंत. पेढे आपला ओलावा देऊन कडक झाले आणि तोच ओलावा शंकरपाळ्यांनी आणि करंज्यांच्या पारीने ओढून घेतला. डब्याचे झाकण जितके घट्ट, तितके हे देणेघेणे आतल्या आत चालते. चकली आणि रव्याचा पाकातला लाडू एका डब्यात ठेवला की चकली मऊ पडते, ती याच कारणाने. म्हणून कोरडा, तळलेला जिन्नस वेगळा आणि गोड-ओलसर जिन्नस वेगळा, असे दोन डबे करायला हवेत. खव्याचा किंवा ओल्या नारळाचा पदार्थ तर डब्यात जाऊच नये, तो फ्रिजमध्ये.

सादळलेले शंकरपाळे वाया गेलेले नसतात. नातीने जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवली, तेल न घालता शंकरपाळे टाकले आणि सात-आठ मिनिटे हलवत राहिली. ओलावा उडाला. ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावर ते पुन्हा कुरकुरीत झाले. गरम असताना चाखले तर मऊच लागतात, त्यामुळे गार होईपर्यंत निकाल लावायचा नाही. मात्र हा उपाय ओलाव्यावर चालतो, तेल खवट झाले असेल तर त्यावर नाही. खवटपणा भाजून जात नाही, उलट गरम झाल्यावर वास आणखी वर येतो.

खवटपणाचा प्रश्न आला तो करंजीवर. आजीने करंजी मोडली, हुंगली, खाल्ली. "छान आहे. पारी जरा मऊ पडलीय." नातीने तीच करंजी नाकाजवळ धरली आणि तोंड वाकडे केले. "आजी, जुन्या तेलाचा वास येतोय."

दोघीही खरे बोलत होत्या. वयाच्या साठी-सत्तरीनंतर बऱ्याच माणसांची वास घेण्याची शक्ती कमी होते. हे इतक्या हळूहळू होते की त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. आयुष्यभर स्वयंपाकघराचा निकाल ज्या नाकाने दिला, ते नाक आता थोडे उशिरा सांगू लागले होते. आजीची पद्धत योग्य होती. ती पद्धत वापरायला आता नातीचे नाक जास्त उपयोगी होते.

करंजी लाडवाआधी का खवटली, हे तिच्या सारणात पाहायला हवे. खवटपणा ही जंतूंची करणी नसते. तेलातुपातल्या स्निग्धाम्लांवर हवेतला प्राणवायू काम करतो आणि त्यांचे तुकडे पडतात. त्यातले काही तुकडे इतके उग्र वासाचे असतात की अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात. सगळी स्निग्धाम्ले सारखी नाजूक नसतात. साजूक तुपातली बरीचशी संपृक्त प्रकारची, प्राणवायूला दाद न देणारी. म्हणून तुपातला लाडू बराच काळ तग धरतो. सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या तेलांत नाजूक स्निग्धाम्लांचे प्रमाण मोठे, आणि तसेच ते खसखशीच्या तेलातही असते. आजीच्या सारणात भाजलेले सुके खोबरे, पिठीसाखर, वेलची यांच्यासोबत मूठभर खसखस होती. करंज्या तळल्या होत्या सूर्यफुलाच्या तेलात, तेही चकल्यांचे घाणे काढून झाल्यावर उरलेल्या. एकदा तापलेल्या तेलाची मोडतोड आधीच सुरू झालेली असते, त्यामुळे त्यात तळलेला पदार्थ डब्यात जातानाच थोडे वय घेऊन जातो.

सुके खोबरे वेगळ्याच वाटेने बिघडते. त्यातले तेल बहुतांश संपृक्त, हवेला सहज बधणारे नाही. पण खोबरे दमट राहिले किंवा त्याला बुरशी लागली तर तेलाचे रेणू पाण्याच्या मदतीने फुटतात आणि त्यातले लॉरिक आम्ल सुटे होते. खोबरेल तेलापासून साबण करतात तेव्हा त्यातही याच आम्लाचा मोठा वाटा असतो. म्हणून खराब खोबऱ्याची करंजी खवट लागण्याऐवजी साबणासारखी लागते. चव साबणाची आली तर पुढच्या वेळी खोबरे जास्त भाजायचे, आणि जुन्या तेलाचा वास आला तर तळणीचे तेल नवे घ्यायचे. या करंजीला तेलाचा वास होता.

आजीने डब्याची बाजू घेतली. "डबा पत्र्याचा आहे म्हणून तरी एवढे टिकले. तुझ्या त्या पारदर्शक बरण्यांत ठेवले असते तर आठ दिवसांत गेले असते." यात तथ्य होते. उजेडाने तेल लवकर खवट होते आणि पत्र्यातून उजेड जात नाही. पण याच डब्याच्या दोन उणिवाही दिसल्या. कडेला गंज धरला होता, आणि लोखंड तेलाला लागले की खवटपणा वेग घेतो. दुसरे, डबा निम्मा रिकामा झाल्यावर फराळापेक्षा आत हवाच जास्त होती. उरलेला फराळ लहान, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हलवला असता तर त्याला आणखी काही दिवस मिळाले असते. तळाच्या वर्तमानपत्राबद्दल तर वादच नको. छपाईच्या शाईतली रसायने तेलकट पदार्थात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत अशी सूचना काढली होती. तिथे साधा पांढरा कागद किंवा धुतलेला सुती फडका चालतो.

थोडीशी खवट करंजी खाल्ल्याने कुणी लगेच आजारी पडेल असे नाही. ती चवीला वाईट आणि पोटाला जड, आणि सतत खवट तेल खाणे शरीराला चांगले नाही. पेढ्याचा धोका वेगळ्या जातीचा होता. तिथे चव शाबूत आणि बाधा नक्की, असेही होऊ शकते. सकाळपासून नात विचारत होती 'बाधेल का' आणि आजी सांगत होती 'चव गेलेली नाही'. कोरड्या लाडवात या दोन गोष्टी बऱ्याच जवळ असतात, खव्यात त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

लाडू राहिले, शंकरपाळे वाचले, पेढे गेले. करंज्यांचे काय करायचे यावर शेवटची फेरी झाली. आजी म्हणाली, "भांडीवाल्या मावशींना दे." नात म्हणाली, "आपल्याला नकोत त्या त्यांना कशाला?" आजीला ते पटले. मग तिने दुसरा मार्ग काढला, "गोठ्यात देऊन ये. गाय खाईल."

त्यावर नातीने प्रत्येक करंजी मोडून आत पाहिले. गोठ्यात शिळे घालायची सवय जुनी असली तरी बुरशी आलेले अन्न तिथेही जाता कामा नये. शेंगदाणे, खोबरे यांवर वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते घरगुती शिजवण्याने जात नाही, आणि जनावराने खाल्ले तर त्याचा काही भाग बदललेल्या रूपात दुधात उतरतो. म्हणजे घरातून बाहेर काढलेले दुसऱ्या दिवशी पातेल्यातून परत यायचे. करंज्यांत बुरशी सापडली नाही, नुसता तेलाचा वास होता. तरी नातीने त्या गोठ्याऐवजी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. पुढच्या वर्षी करंज्या निम्म्याच करायच्या आणि त्याही नव्या तेलात, चकल्यांच्या आधी तळायच्या, एवढे आजीने मान्य केले. खसखस कमी करायला मात्र तिने साफ नकार दिला.